अ‍ॅल्युमिनियमच्या एफएसडब्ल्यू जोडात वारंवार येणारे टनेल: पोकळी कुठून येते आणि कशी थांबवायची

तक्रार बहुतेक वेळा एकाच स्वरूपात येते. जोड वरून स्वच्छ दिसतो, टूलच्या शोल्डरच्या, म्हणजे वरून टेकणाऱ्या रुंद भागाच्या, खुणा एकसारख्या असतात, पण आडवा छेद घेऊन पॉलिश केला की खालच्या भागात, एकाच बाजूला, मिलिमीटरभर पोकळी दिसते. पुढचा तुकडा कापला तरी तिथेच दिसते. एक्स-रेवर तीच पोकळी जोडाच्या लांबीने धावणारी काळी रेघ होते. हेच टनेल. वेग बदलून ते आठवडाभर नाहीसे होते आणि पुढच्या लॉटमध्ये परत येते.

परत येण्याचे कारण बहुधा निदानात असते. टिग किंवा मिग आर्क वेल्डिंगची सवय असलेला माणूस पोकळी पाहिली की वायू, ओलावा, आर्गनची शुद्धता, प्लेटवरचे तेल यांच्याकडे वळतो. फ्रिक्शन स्टर वेल्डिंगमध्ये, म्हणजे एफएसडब्ल्यूमध्ये, हा सगळा शोध चुकीच्या दिशेचा आहे. इथली पोकळी वायूचा बुडबुडा नाही. ती न भरलेली जागा आहे, आणि तिच्यासाठी विचारायचा प्रश्न एकच: टूलच्या टोकाला असलेल्या, धातूत घुसून फिरणाऱ्या पिनच्या मागे जेवढी धातू यायला हवी होती तेवढी का आली नाही?

वितळत नाही, म्हणून कोणत्या गोष्टी शोधायच्याच नाहीत

ही पद्धत १९९१ मध्ये केंब्रिजजवळच्या टीडब्ल्यूआय संस्थेत निघाली. फिरणारे टूल प्लेटमध्ये घुसवतात, शोल्डरच्या घर्षणाने आणि धातूच्या स्वतःच्या विरूपणाने उष्णता तयार होते, धातू मऊ पडते आणि पिन तिला एका बाजूने दुसऱ्या बाजूला वाहून नेते. ६०६१ मिश्रधातूत स्टर झोनचे तापमान साधारण ४२५ ते ५०० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात राहते. हा मिश्रधातू वितळायला सुरुवात होते ती ५८२ अंशांच्या आसपास. मधले अंतर आपोआप टिकते, कारण धातू जितकी मऊ पडते तितका तिचा विरोध कमी होतो, टॉर्क उतरतो आणि तयार होणारी उष्णताही घटते.

या एका गोष्टीने दोषांची मोठी यादी मुळापासून निकालात निघते. वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये हायड्रोजन भरपूर विरघळतो. गोठताना ती क्षमता सुमारे वीसपट घटते आणि बाहेर पडलेला वायू गोल छिद्रांच्या रूपात अडकतो. द्रव अवस्थाच आली नाही तर ही उडी येत नाही. गोठताना अ‍ॅल्युमिनियमचे आकारमान सुमारे ६ टक्क्यांनी आटते. ते आटणेही इथे नाही, म्हणून आटल्यामुळे होणारी पोकळी आणि शेवटच्या खड्ड्यातल्या भेगा नाहीत.

तापभेगांचे कारण जरा नीट पाहण्यासारखे आहे. ६०६१ फिलरशिवाय वितळवून जोडला तर तडकतो. गोठण्याच्या शेवटी कणांच्या सीमांवर मॅग्नेशियम आणि सिलिकॉनने समृद्ध असलेला पातळ द्रव थर उरतो. आजूबाजूची घन धातू आकसत असते आणि तो थर ताण सहन करू शकत नाही, म्हणून सीमा उघडतात. म्हणूनच ६०६१ साठी ४०४३ किंवा ५३५६ ची तार लागते, आणि ७०७५ व २०२४ यांना आर्कने जोडणे बहुतेक टाळले जाते. एफएसडब्ल्यूमध्ये डेंड्राइट, म्हणजे गोठताना वाढणारे फांदीदार स्फटिक, बनत नाहीत, त्यांच्यामधला शेवटचा द्रव नाही, त्यामुळे फाटायला थरच नाही. फिलर नको, आर्गन नको, आणि ७०७५ सुद्धा जोडता येतो.

तेव्हा या पद्धतीच्या जोडात पोकळी दिसली की वायू, आटणे आणि तापभेग ही तिन्ही कारणे यादीतून काढून टाका. उरते ते धातूचे वाहणे.

छेदात काय वाचायचे

निदानाचा पाया म्हणजे नीट केलेला मॅक्रो. जोडाला काटकोनात छेद घ्या, १२०० नंबरच्या कागदापर्यंत घासा, पॉलिश करा. नुसता आकार पाहायचा असेल तर १० टक्के कॉस्टिक सोड्याच्या सुमारे ६० अंश तापमानाच्या द्रावणात काही मिनिटे ठेवून पाण्याने धुवा आणि वर जमलेला काळा थर नायट्रिक अ‍ॅसिडने काढा. कण पाहायचे असतील तर केलर रिएजंट लागते. त्यात हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असते, त्यामुळे ते काम फ्यूम हूड, योग्य हातमोजे आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी असल्याशिवाय करू नका.

नमुना कापण्याआधीच त्यावर बाजूची खूण करा, नाहीतर पुढचे सगळे वाचन वाया जाते. ज्या बाजूला टूलच्या पृष्ठभागाची फिरण्याची दिशा आणि टूल पुढे सरकण्याची दिशा एकच असते ती अ‍ॅडव्हान्सिंग बाजू. दुसरी रिट्रीटिंग. टूल वरून पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत असेल आणि तुमच्यापासून दूर जात असेल, तर अ‍ॅडव्हान्सिंग बाजू डावीकडे येते.

चांगल्या जोडाच्या छेदात मध्ये स्टर झोन दिसतो. मूळ लाटलेल्या प्लेटमध्ये कण लांबट आणि दहा-वीस मायक्रॉनपासून शंभराच्या वर असतात. स्टर झोनमध्ये ते बारीक आणि सर्व दिशांनी सारखे होतात, बहुधा २ ते १० मायक्रॉनचे. गरम धातूला इतके पिळले जाते की जुने कण मोडून नवे तयार होतात, म्हणजे गतिक पुनर्स्फटिकीकरण. हे ओतीव धातूचे चित्र नाही. फोर्जिंगच्या जवळचे आहे. त्याच्या भोवती एक पट्टा असा असतो जिथे जुने कण वाकलेले दिसतात पण मोडलेले नसतात. त्याच्या पलीकडे फक्त उष्णतेचा परिणाम झालेला भाग, ज्यात कणांचा आकार बदललेला दिसत नाही पण कठीणपणा पडलेला असतो.

स्टर झोनची सीमा दोन्ही बाजूंना सारखी नसते. अ‍ॅडव्हान्सिंग बाजूला ती सुरीने कापल्यासारखी तीक्ष्ण, रिट्रीटिंग बाजूला धूसर. टनेल जवळजवळ नेहमी त्या तीक्ष्ण सीमेला चिकटून, खालच्या अर्ध्यात सापडते. पिन समोरची धातू रिट्रीटिंग बाजूने फिरवून मागे आणते. त्या प्रवासाचा शेवट मागच्या अ‍ॅडव्हान्सिंग कोपऱ्यात होतो. धातू कमी पडली, किंवा ती तिथवर पोहोचण्याइतकी मऊ नसली, तर सगळ्यात शेवटी भरायचा तो कोपराच रिकामा राहतो. वरचा भाग शोल्डर दाबून भरतो, म्हणून बाहेरून काही कळत नाही.

पोकळीच्या भिंतीही बोलतात. वायूचे छिद्र गोल, गुळगुळीत आणि विखुरलेले असते. टनेलची भिंत खडबडीत, आकार वेडावाकडा, आणि ती एका छेदातून पुढच्या छेदात सुरू राहते. एवढा फरक पाहिलात तर आर्गनच्या सिलिंडरकडे जायची गरज उरत नाही.

पोकळी लांबीत कुठे सुरू होते?

कोणतेही सेटिंग बदलण्याआधी संपूर्ण लांबीवर टनेलचा नकाशा काढा. एक्स-रे किंवा फेज्ड अ‍ॅरे अल्ट्रासाउंड असेल तर उत्तम. नसेल तर एक जोड बळी द्या आणि दर ५० मिमीवर कापा. हा एक तास पुढचे बरेच अंदाज वाचवतो, कारण जागा हेच कारणाचे सर्वांत चांगले लक्षण आहे.

फक्त सुरुवातीच्या १०-२० मिमीमध्ये पोकळी असेल तर टूल थंड धातूत चालू लागले. घुसवल्यावर जागेवर फिरवण्याचा वेळ वाढवा, ५ ते १० सेकंद ६ मिमी प्लेटला बहुधा पुरतात, आणि पुढचा वेग एकदम न देता पहिल्या २०-३० मिमीत चढवा. दर जोडात एकाच ठिकाणी येत असेल, मग प्लेट कोणतीही असो, तर दोष फिक्स्चरमध्ये आहे: तिथे जोडाखालची बॅकिंग प्लेट झिजली किंवा खचली आहे, किंवा दोन क्लॅम्पमधले अंतर जास्त आहे. प्लेटच्या लॉटनुसार येत-जात असेल तर जाडी तपासा. मिलिंग मशीनवर किंवा फक्त उंची धरून चालणाऱ्या मशीनवर शोल्डरचा दाब हा प्लेटच्या जाडीवर अवलंबून राहतो. टाच, म्हणजे कललेल्या शोल्डरची मागची, सर्वांत खालची कड, ०.१५ मिमी आत घालून सेट केली आणि पुढची प्लेट ०.२ मिमी पातळ निघाली, तर शोल्डर तिथे धातूला टेकतच नाही. अशा ठिकाणी वरचे पट्टेही तुटक दिसतात, त्यामुळे हा प्रकार नजरेनेही पकडता येतो. अक्षीय बल धरून चालणारे मशीन हा फरक स्वतः भरून काढते.

आणि सगळ्यात जास्त वेळा चुकीचे ओळखले जाणारे चित्र म्हणजे सुरुवात चांगली, मग पोकळी सुरू होऊन शेवटाकडे वाढत जाणारी. तेच पूर्ण सोडवून पाहू.

एक जोड, आकड्यांसह

६०६१-टी६ च्या दोन प्लेट, ६ मिमी जाड, १ मीटर लांब, कडेला कड लावून जोडायच्या. टूल एच१३ स्टीलचे, शोल्डर १८ मिमी व्यासाचा आणि आत किंचित खोलगट, पिन निमुळती, डावे आटे असलेली, शोल्डरच्या कडेपासून ५.८ मिमी लांब. फेरे मिनिटाला १०००, सरक मिनिटाला ४०० मिमी, कल २ अंश, टाच ०.१५ मिमी आत. पहिले २५० मिमी स्वच्छ. त्यानंतर अ‍ॅडव्हान्सिंग बाजूला टनेल सुरू, शेवटाकडे सव्वा मिमीहून मोठे.

पहिला विचार येतो तो सरक कमी करण्याचा. ४०० वरून २५० केली की पोकळी बारीक होते, पण शेवटच्या टोकाला उरतेच. इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यायची: सरक आणि फेरे तर संपूर्ण लांबीवर तेच आहेत. धातू थंड पडून हे होत असते तर प्लेट तापत गेल्यावर पुढे सुधारायला हवे होते. इथे उलटे घडते आहे. म्हणजे लांबीबरोबर बदलणारी एखादी गोष्ट शोधायला हवी.

ती गोष्ट म्हणजे फट. पिन प्लेटमध्ये शिरते आणि दोघींना बाजूला ढकलते. सुरुवातीला क्लॅम्प धरून ठेवतात, पण बाजूचे आधार ढिले असतील तर टूलच्या पुढची शिवण दूरच्या टोकाला उघडत जाते. क्लॅम्प लावल्यावर फीलर गेजने मोजलेली फट शून्य असते, म्हणून कोणाला शंका येत नाही. तपासायचे ते काम चालू असताना. दूरच्या टोकाजवळ प्रत्येक प्लेटच्या बाहेरच्या कडेला डायल गेज लावा आणि जोड सुरू करा. दोन्ही गेजची बेरीज ०.५ मिमी निघाली, तर कारण हातात आले.

आता हिशोब. जोडाच्या एका छेदात ०.५ मिमी फट आणि ६ मिमी जाडी म्हणजे ३ चौरस मिमी धातू गैरहजर. ती भरायला मिळते कुठून? शोल्डर पृष्ठभाग दाबतो तेवढीच. १८ मिमीचा शोल्डर २ अंशांनी कललेला आणि टाच ०.१५ मिमी आत, तर मागे उरणारी उथळ पन्हळ सुमारे १५ मिमी रुंद होते आणि तिचे क्षेत्रफळ सुमारे १.६ चौरस मिमी भरते. ३ मधून १.६ वजा केले की १.४ चौरस मिमी जागा रिकामी राहते, म्हणजे १.३ मिमी व्यासाची पोकळी. कडेने फ्लॅश, म्हणजे शोल्डरखालून निसटलेली धातू, गेली असेल तर याहून थोडी मोठी. छेदात दिसलेला आकार याच्याशी जुळतो, आणि इथे मापांशी जुळणे हेच निदानाचे शिक्कामोर्तब आहे.

हाच हिशोब उलटा फिरवला तर मर्यादा मिळते. १.६ भागिले ६ म्हणजे साधारण पाव मिमी. या टूलने आणि या खोलीने पाव मिमीपेक्षा मोठी फट कोणत्याही फेऱ्यांवर, कोणत्याही सरकेवर भरणार नाही, कारण धातूच नाही. जाडीच्या १० टक्के फट चालते असा एक ठोकताळा सांगितला जातो. ६ मिमीला तो ०.६ मिमी होतो. तो डोळे मिटून वापरू नका. टाच ०.२५ मिमी आत घातली तर पन्हळ ३.३ चौरस मिमीपर्यंत जाते आणि ०.५ मिमी फट जेमतेम भरते. पण मग जोड पाव मिमीने पातळ झालेला असतो आणि कडांना फ्लॅश वाढते. खोली वाढवणे हा फट झाकण्याचा उपाय आहे, फट मिटवण्याचा नाही.

खरी दुरुस्ती फिक्स्चरमध्ये. बाजूने ढकलणारे क्लॅम्प दर १०० ते १५० मिमीवर, प्लेट घट्ट टेकतील असे दोन्ही बाजूंना पक्के आधार, आणि दूरच्या टोकाला आधीच एक टॅक, म्हणजे छोटा तात्पुरता जोड. टॅक आखूड पिनच्या टूलने केला तर उत्तम, कारण तो नंतर मुख्य टूलच्या वाटेत पूर्ण ढवळला जातो. प्लेटच्या कडा कातरून आलेल्या असतील तर त्या मिल करा. कातरीची कड सरळ नसते आणि वरून चिकटलेली दिसली तरी खाली उघडी असते, आणि टनेलही खालीच येते. यानंतर डायल गेजवर एकूण हालचाल ०.१ मिमीच्या आत आली की सरक पुन्हा ४०० वर नेऊन पाहा. बहुतेक वेळा जोड स्वच्छ येतो, म्हणजे सरक कमी करण्यात घालवलेला वेळ मुळात लागत नव्हता.

फट नाही, तरी टनेल: थंड की गरम?

फट आणि जाडी दोन्ही बरोबर असतील तर मग वाहण्याकडे वळायचे. यात दोन विरुद्ध कारणे एकच दोष देतात, आणि उपायही विरुद्ध आहेत, म्हणून आधी ओळखायला हवे.

एका फेऱ्यात टूल किती पुढे जाते हा आकडा सगळ्यात उपयोगी. ४०० भागिले १००० म्हणजे ०.४ मिमी. पृष्ठभागावरचे अर्धवर्तुळाकार पट्टे एवढ्याच अंतरावर पडतात, त्यामुळे पट्टीने दहा पट्टे मोजले तर ४ मिमी यायला हवेत. वेगळे आले तर मशीनच्या स्क्रीनवरचा वेग प्रत्यक्षात मिळत नाही आहे. हा आकडा वाढत गेला की प्रत्येक फेऱ्यात पिनला जास्त धातू फिरवावी लागते आणि ती तापायला कमी वेळ मिळतो. थंड जोडाची खूण: फ्लॅश जवळजवळ नाही, पृष्ठभाग नीट, स्पिंडलचा भार जास्त, पोकळी खोलवर. यात सरक कमी करा किंवा फेरे वाढवा, दर फेऱ्याला ०.२ ते ०.३ मिमीपर्यंत आणा. बॅकिंग प्लेट खूप जाड आणि थंड असेल तर ती मुळाशी उष्णता ओढून घेते. तोही मुद्दा तपासा.

गरम जोडात उलटे. दोन्ही कडांना किंवा एका कडेला जाड फ्लॅश, पृष्ठभाग ओरबाडलेला, जोड पातळ झालेला. इथे धातू वाहते, पण शोल्डरखालून बाहेर निसटते, म्हणून आत कमी पडते. ‘पोकळी आहे तर उष्णता वाढवा’ असे करणारा माणूस याच ठिकाणी दोष वाढवून बसतो. फेरे कमी करा. ७०७५ आणि २०२४ मध्ये याची धार आणखी तीक्ष्ण आहे. ७०७५ साधारण ४७७ अंशांना आणि २०२४ साधारण ५०२ अंशांना वितळायला लागतो, म्हणजे टूलखालचे तापमान त्या रेषेला टेकू शकते. कणांच्या सीमेवर अगदी थोडा द्रव तयार झाला तरी शोल्डर घसरू लागतो, टॉर्क अचानक उतरतो आणि पृष्ठभाग सालपटासारखा निघतो. इथे न वितळण्याचा फायदाच हातचा जातो, तेव्हा या दोन मिश्रधातूंत फेरे ६०६१ पेक्षा बरेच कमी ठेवून सुरुवात करा.

टूलकडे कधी पाहायचे

कालपर्यंत चालणारे सेटिंग आज अपयशी ठरले, आणि फट, जाडी, वेग काही बदलले नाही, तर पिन काढून पाहा. बहुधा आट्यांमध्ये अ‍ॅल्युमिनियम भरून पिन गुळगुळीत झालेली असते. असे टूल धातू खाली नेऊ शकत नाही. गरम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडवून ठेवा. सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो आणि स्टीलला धरत नाही. हायड्रोजन निघतो, तेव्हा मोकळ्या हवेत आणि ज्वाळेपासून दूर. डोळ्यांना चष्मा हवाच.

दिशा तपासणे अगदी सोपे आहे, तरीही राहून जाते. वरून पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरणाऱ्या पिनला डावे आटे हवेत, म्हणजे धातू खाली ढकलली जाते. उजवे आटे असतील किंवा स्पिंडल उलटा फिरत असेल, तर धातू वर उचलली जाते. वर फ्लॅश आणि खाली टनेल, एकाच वेळी. हे चित्र दिसले की आधी दिशा पाहा.

पिनची लांबी ठरवताना कल विसरू नका. वरच्या उदाहरणात टाच ०.१५ मिमी आत असली तरी २ अंशांच्या कलामुळे शोल्डरचे केंद्र टाचेपेक्षा ०.३१ मिमी वर असते. म्हणून ५.८ मिमीची पिन प्रत्यक्षात सुमारे ५.६५ मिमी खोल जाते आणि खाली सुमारे ०.३५ मिमी धातू अस्पर्श उरते. तेवढी चालते, कारण टोकाखालचीही थोडी धातू ढवळली जाते. पण ‘६ मिमीला ५.५ पुरे’ म्हणून बनवलेली पिन मुळाशी न जोडलेली फट सोडते. ती टनेल नव्हे. ती मूळ शिवणच आहे, छेदात सरळ उभी रेघ म्हणून दिसते, आणि उपाय फक्त लांबी किंवा खोली.

ऑक्साइड: इथे न वितळणे मदत करत नाही

एक दोष मात्र असा आहे की त्याबाबत न वितळणे मदतीला येत नाही. प्लेटच्या कडांवरचा ऑक्साइडचा थर ढवळला जातो, तुकडे होतात आणि पसरतात. ढवळणे अपुरे असेल तर ते तुकडे छेदात नागमोडी रेघेत उभे राहतात. जोड घट्ट दिसतो, एक्स-रेला काही दिसत नाही, कारण पोकळी नाही. पण मुळाची, म्हणजे खालची, बाजू ताणात ठेवून वाकवणी केली की त्याच रेघेवर उघडतो. दर फेऱ्याची सरक कमी केल्यास रेघ तुटक होते, पण खात्रीचा उपाय म्हणजे कडा मिल करून किंवा स्टेनलेस ब्रशने कोरड्या घासून, आधी तेल काढून, त्याच दिवशी जोडणे. जोडांच्या मंजुरीत मुळाच्या बाजूची वाकवणी चाचणी म्हणूनच वगळू नये.

ताण चाचणीचा निकालही नीट वाचावा लागतो. ६०६१-टी६ चा जोड मूळ प्लेटपेक्षा कमी ताणाला तुटतो, बहुधा ६० ते ८० टक्क्यांवर, आणि हे दोषाचे लक्षण नाही. उष्णतेने टी६ मधले बारीक अवक्षेप मोठे होतात आणि कठीणपणा सुमारे १०५ विकर्सवरून ६०-७० पर्यंत पडतो, सर्वांत कमी स्टर झोनच्या बाहेर. नमुना तिथे मान पडून, म्हणजे आधी ताणून बारीक होऊन, तुटला तर स्टर झोन निर्दोष आहे असे समजा. तुटणे स्टर झोनच्या अ‍ॅडव्हान्सिंग सीमेवर गेले, भेग खडबडीत आणि मान नाही, तर टनेल किंवा ऑक्साइडची रेघ शोधा. जोडल्यानंतर १६० अंशांवर १८ तास किंवा १७५ वर ८ तास ठेवले तर स्टर झोन पुन्हा कठीण होतो, पण बाहेरचा अतिपक्व भाग परत येत नाही. त्यासाठी संपूर्ण द्रावण उपचार लागतो, आणि मोठ्या प्लेटला तो वाकवतो.

टनेल आलेला जोड फेकायचा का?

बहुतेक वेळा नाही. पोकळीच्या भिंती त्याच मिश्रधातूच्या आहेत आणि तापून ढवळल्या की मिटतात, म्हणून त्याच वाटेवर दुसरा पास चालतो. अट एकच: पहिल्या पासचे कारण आधी दूर केलेले हवे. हरवलेली धातू दुसऱ्या पासलाही कुठून तरी आणायची आहे. १.४ चौरस मिमीची पोकळी मिटवायला पन्हळ आणखी तेवढ्याच क्षेत्रफळाने खोल जाते, म्हणजे शोल्डरच्या पूर्ण रुंदीवर पसरवले तर पृष्ठभाग सुमारे ०.०८ मिमीने उतरतो. रेखाचित्रात जाडीची मुभा तेवढी आहे का ते पाहा. नसेल तर त्याच मिश्रधातूची पातळ पट्टी शिवणीवर ठेवून त्यावरून पास घ्या आणि वरचा भाग नंतर मिल करा.

टनेल ग्राइंड करून टिगने भरणे मात्र टाळा. तशाने वितळलेले कुंड, हायड्रोजन आणि तापभेग तिन्ही त्या एका ठिकाणी परत येतात, आणि उष्णतेने मऊ झालेला पट्टाही आणखी रुंद होतो. दुरुस्तीनंतर मॅक्रो पुन्हा घ्या, दोन ठिकाणी: जिथे टनेल सर्वांत मोठे होते तिथे, आणि जिथे ते संपले होते त्याच्या २० मिमी पुढे.